फोटो चालतो, चेहऱ्याचं माप चालत नाही

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत एक खेळ फार गाजला. गूगलच्या ‘आर्ट्स अँड कल्चर’ अॅपला आपला सेल्फी द्यायचा, की जगभरच्या संग्रहालयांतल्या चित्रांमधून आपल्यासारखा चेहरा ते शोधून देई. शिकागो आणि ह्यूस्टनमधल्या लोकांना मात्र ते बटणच दिसेना. अॅप तेच, बाकीची पानंही व्यवस्थित उघडत होती. नव्हती ती फक्त सेल्फी देण्याची सोय. इलिनॉय आणि टेक्सास ही दोन राज्यं वगळली गेल्याचं लक्षात आलं, तेव्हा जाणकारांनी बोट दाखवलं ते तिथल्या बायोमेट्रिक कायद्यांकडे.

इलिनॉयचा कायदा २००८ चा. नुसता फोटो त्यात येत नाही. पण त्या फोटोवरून चेहऱ्याची ठेवण मोजली, तर आधी लेखी माहिती देऊन त्या माणसाची लेखी संमती घ्यावी लागते. एरवी तो माणूस स्वतः कोर्टात जाऊ शकतो, आणि निष्काळजीपणा ठरला तरी दर उल्लंघनाला १,००० डॉलर मिळू शकतात. लाखभर लोकांनी खेळ खेळला तर हिशेब १० कोटी डॉलरवर जातो. दोन मिनिटांच्या करमणुकीसाठी कोणती कंपनी ही जोखीम घेईल? बटण बंद ठेवणं स्वस्त पडतं.

सेल्फीत निदान चेहरा आपला असतो, म्हणजे संमती विचारायला माणूस समोर आहे. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोचं काय? फेसबुकचं ‘मोमेंट्स’ अॅप नेमकं इथे अडलं. फोनमधल्या फोटोंत कोण कोण आहे हे चेहऱ्यावरून ओळखून ते फोटो त्या त्या मित्राला पाठवायला सुचवायचं. २०१५ मध्ये ते अमेरिकेत आलं, युरोपात आलं नाही. फेसबुकचं युरोपातलं मुख्यालय आयर्लंडमध्ये, म्हणून शब्द तिथल्या नियामकाचा. चेहरा ओळखण्याआधी लोकांना स्पष्ट विचारा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी अॅप युरोपात पोचलं ते वेगळं होऊन: सारखे दिसणारे चेहरे ते एकत्र करी, पण हा कोण, ते नाव वापरणाऱ्याने स्वतः लिहायचं. मला हा मार्ग बटण काढून टाकण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

अशी सोय बहुधा अॅपमध्ये आधीच असते. कंपनीचा सर्व्हर खात्याचा देश किंवा इंटरनेटचा पत्ता पाहून ती दाखवतो किंवा लपवतो. म्हणूनच अॅप काढून पुन्हा टाकलं तरी उपयोग होत नाही. बिघाड असेल तर बटण दिसतं, दाबल्यावर फोटो अडकतो किंवा चूक झाल्याची सूचना येते. बटणच नसेल, आणि परदेशातल्या भाचीच्या फोनवर तेच अॅप, तीच आवृत्ती असून ते दिसत असेल, तर फोन दुरुस्तीला नेऊ नका. अॅपच्या मदत-पानावर ही सोय कोणकोणत्या देशांत आहे, त्याची यादी शोधा.