उंची मोजा, मग बॅट घ्या

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि त्याची उंची पाच फूट एक इंच. दोन वर्षं तो टेनिस बॉलने खेळत होता. यंदा सरांनी त्याला लेदर बॉलच्या नेटमध्ये घेतलं आणि घरातून पंधरा हजार रुपये मंजूर झाले. आम्ही दोघं धोबी तलावला गेलो. दुकानात शिरताच त्याने उचलली ती मोठ्या माणसांची, म्हणजे शॉर्ट हँडल बॅट. "मामा, हीच घेऊ. पुढच्या वर्षीपण चालेल."

अंगापेक्षा मोठा शर्ट वर्षभर खपून जातो, बॅट खपत नाही. बॅट जड झाली की वरच्या हाताला ती पेलत नाही, मग खालचा हात ताबा घेतो. मुलगा चेंडूच्या रेषेत बॅट आणण्याऐवजी ती आडवी फिरवू लागतो. लांब असली तर हँडलचं टोक पोटाला अडतं आणि तो हँडल खाली धरायला शिकतो. या सवयी पुढे वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

साधारण चार फूट अकरा इंच ते पाच फूट दोन इंच उंचीला सहा नंबर, त्यापुढे पाच फूट सहापर्यंत हॅरो आणि त्याहून उंच झाल्यावर शॉर्ट हँडल. कंपनीगणिक इंचभर इकडेतिकडे होतं. म्हणून दुकानातच मुलाला बॅटिंगच्या पवित्र्यात उभं करा. मग बॅट फक्त वरच्या हातात, समोर आडवी, जमिनीला समांतर धरायला सांगा. भाच्याच्या हातात शॉर्ट हँडल दहा सेकंदांत थरथरू लागली. सहा नंबरची, हजार ग्रॅमच्या आसपासची बॅट त्याने अर्धा मिनिट सहज धरली. त्यालाही ते पटलं, पण चेहरा उतरलाच.

आता लाकूड. इंग्लिश विलो मुख्यतः इंग्लंडमधल्या एसेक्स, सफोक भागातली. काश्मीर विलो आपल्याकडची, अनंतनाग जिल्ह्यातल्या संगम-बिजबेहारा परिसरात महामार्गालगत तिच्या बॅटचे कारखानेच कारखाने आहेत. काश्मीर विलो जास्त घट्ट, म्हणून जड आणि रंगाने तपकिरी असते. इंग्लिश विलो फिकट आणि हलकी, चेंडू तिच्यावरून लवकर सुटतो. लेदर बॉलची सुरुवात काश्मीर विलोने करण्यात काही कमीपणा नाही. पण आठवड्यातून चार दिवस नेट असेल आणि खिशाला परवडत असेल, तर खालच्या ग्रेडची इंग्लिश विलो घ्यावी, असं माझं मत.

इथे 'ग्रेड' या शब्दाने पालक फसतात. ग्रेड म्हणजे बॅट किती चांगली मारते याचं मोजमाप नव्हे. लाकूड दिसायला कसं आहे, त्यावरून ती ठरते. ब्लेडवर उभ्या रेषा दिसतात त्यांना ग्रेन्स म्हणतात. एक ग्रेन म्हणजे झाडाच्या वाढीचं साधारण एक वर्ष. ग्रेड वनमध्ये ग्रेन्स सरळ, सारख्या अंतरावर, सहा-सात किंवा त्याहून जास्त असतात आणि डाग जवळजवळ नसतो. ग्रेड टू-थ्रीमध्ये ग्रेन्स कमी किंवा वाकड्या, एका कडेला गाभ्याच्या लाकडाचा लालसर पट्टा, कुठे ठिपके. त्याखालच्या बॅट बऱ्याचदा ब्लीच करून गोऱ्या केलेल्या असतात किंवा डाग स्टिकरखाली झाकलेले असतात. शिवाय ग्रेड ठरवणारी एकच सामाईक संस्था नाही. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, त्यामुळे एकीची ग्रेड टू दुसरीची ग्रेड वन असू शकते.

दाट ग्रेन्सची बॅट लवकर खुलते, पण सहसा लवकर थकतेही. पाच-सहा ग्रेन्सची बॅट खुलायला वेळ घेते आणि जास्त टिकते. भाच्याला वर्ष-दीड वर्षात हॅरो लागणार, मग गुळगुळीत ग्रेड वनसाठी तिप्पट पैसे का मोजायचे? आम्ही लाल पट्टा असलेली, पाच ग्रेन्सची ग्रेड थ्री घेतली. चार बॅटवर लाकडी मॅलेटने हलके ठोके देऊन पाहिले आणि जिथून मॅलेट सर्वांत जिवंत उसळला ती उचलली. त्यासाठी दुकानदाराला आधी विचारावं.

कंपन्यांचं म्हणाल, तर एसजी १९३१ साली सियालकोटला सुरू झाली आणि फाळणीनंतर मेरठला आली. एसएस आणि बीडीएमही मेरठच्याच. इंग्लंडची ग्रे-निकल्स, नॉटिंगहॅमची गन अँड मूर, ऑस्ट्रेलियाची कूकाबुरा ही जुनी, भरवशाची नावं. मात्र परदेशी नावाच्या अनेक स्वस्त बॅट भारतातच घडतात, आणि मेरठच्या कारागिरांच्या हाताखालून इंग्लंडहून आलेलं उत्तम लाकूड जातं. म्हणून नावापेक्षा हातातली बॅट पाहा आणि अधिकृत विक्रेत्याकडून पक्की पावती घ्या. नुसते स्टिकर कुणालाही छापता येतात.

बॅटला सात हजार गेले. हेल्मेटला मी चार हजार आधीच बाजूला ठेवले होते, त्यात घासाघीस केली नाही. आतल्या लेबलवर 'बीएस ७९२८:२०१३' हे मानक आणि चाचणी मोठ्या चेंडूची की ज्युनिअर चेंडूची, हे वाचा. क्लबमध्ये कोणता चेंडू आहे ते सरांना विचारून या. ग्रिल आणि टोपीची पुढची कड यांच्यातल्या फटीतून तो चेंडू आत शिरता कामा नये. हे लेबलवर विसंबूनही दुकानात चेंडू धरून तपासा. डोक्याचा घेर भुवयांच्या थोडा वर टेपने मोजा. हेल्मेट घालून, पट्टा न लावता मान हलवली तरी ते डोक्यावर फिरू नये. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत फिलिप ह्यूजला चेंडू हेल्मेटखाली मानेवर लागला आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मानेमागे लावायचे नेक गार्ड आले. आपल्या मॉडेलला बसणारा तो जोड त्याच वेळी घ्या. आणि जोराचा फटका बसलेलं हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, पुन्हा वापरायचं नाही. म्हणूनच दुसऱ्याचं जुनं हेल्मेट मी कधी घेत नाही.

बाकीचं लवकर आटोपलं. पॅडमध्ये गुडघा बरोबर मधल्या गुडघ्याच्या गादीत बसला पाहिजे. त्याला यूथ साइझ लागला. ग्लोव्हजमध्ये बोटांपुढे फार जागा राहिली तर पकड सैल होते. एल गार्ड आणि थाय पॅड मात्र न लाजता आठवणीने घ्या.

घरी आल्यावर बॅटला कच्चं जवसाचं तेल, उकळवलेलं नव्हे, कापडाने पातळ लावलं. ब्लेड, कडा आणि टोकाला. हँडल ब्लेडमध्ये शिरतं त्या जोडावर अजिबात नाही. बॅट एक दिवस आडवी ठेवली, मग दुसरा हात. वर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर तेल फक्त उघड्या भागालाच लावायचं. पुढे रोज अर्धा तास मॅलेट, सुरुवातीला हलक्या हाताने. कडांवर थेट नाही, तिरका ठोका, म्हणजे कडा दबून गोल होते. एकूण सहा तास धरले. मग जुना, मऊ पडलेला लेदर बॉल घेऊन अंगणात हळूहळू टोलवला. ब्लेडवर शिवणीचे खोल ठसे उमटले, म्हणजे लाकूड अजून तयार नव्हतं. भाचा नेटला जायला आतुर होता. बॅट त्याच्याकडून घेतली आणि मॅलेटचे आणखी दोन तास वाढवले.