रंग नव्हे, दिवस मोजा : सायनसच्या दुखण्याचा एक हिशेब

आपल्याकडे ‘मला सायनस आहे’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक तरी सापडतो. खरे तर सायनस प्रत्येकालाच असतात. सायनस हे रोगाचे नाव नसून चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेने भरलेल्या पोकळ्यांचे नाव आहे. दोन गालांत, दोन कपाळात, काही नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांच्या मध्ये आणि दोन त्यांच्याही मागे, कवटीच्या तळाशी. या पोकळ्यांच्या अस्तराला सूज आली की त्याला सायनसायटिस म्हणतात. ही सूज विषाणूंमुळे आली की जिवाणूंमुळे, यावर अँटिबायोटिक घ्यायचे की नाही हे ठरते, आणि नेमका हाच निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा शेंबडाच्या रंगावरून घेतला जातो.

हा रंग का फसवतो ते आधी पाहू. सर्दी सुरू झाली की पहिले दोन दिवस नाकातून पाणी वाहते. मग ते घट्ट आणि पांढरट होते, पुढे पिवळे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवट. हिरवे दिसले की घरातले म्हणतात, ‘इन्फेक्शन झालं, आता गोळ्या घ्यायला हव्यात.’ प्रत्यक्षात तो हिरवा रंग जिवाणूंचा नसून आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. सूज आलेल्या जागी धावून जाणाऱ्या या पेशींमध्ये मायेलोपेरॉक्सिडेज नावाचे एक विकर असते. त्यात लोह असते आणि ते मुळातच हिरव्या रंगाचे असते. पेशी मोठ्या संख्येने जमल्या आणि फुटल्या की शेंबूड हिरवा दिसतो. विषाणूशी लढतानाही या पेशी येतात. म्हणून साध्या पडशातही हिरवा शेंबूड येतो आणि आपोआप पुन्हा पातळ होऊन थांबतो.

मग एक्स-रे किंवा सी. टी. स्कॅन काढला तर कळेल का? व्हर्जिनिया विद्यापीठातील जॅक ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. नुकतेच साधे पडसे झालेल्या ३१ प्रौढांचे त्यांनी सी. टी. स्कॅन काढले. त्यांपैकी २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये बिघाड दिसला. ज्यांचे स्कॅन दोन आठवड्यांनी पुन्हा काढले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोकळ्या अँटिबायोटिक न घेताच मोकळ्या झालेल्या किंवा खूप सुधारलेल्या होत्या. याचा अर्थ असा की सर्दी फक्त नाकाला होत नाही, ती सायनसलाही होते. म्हणून आज डॉक्टर तिला ‘विषाणुजन्य ऱ्हायनोसायनसायटिस’ म्हणतात आणि गुंतागुंतीची शंका नसेल तर स्कॅन काढत नाहीत. चित्रात ‘सायनस भरलेत’ असे दिसले तरी ते कशाने भरलेत हे चित्र सांगत नाही.

जिवाणू मुळात शिरकाव करतात कसे, हे गालातल्या सायनसच्या रचनेवरून समजते. या पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला, नाकाच्या दिशेने असते. म्हणजे टाकीचा नळ तळाऐवजी वर बसवलेला. त्यामुळे आतला चिकट द्रव आपोआप खाली गळत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केसांसारखे तंतू तो सतत वर ढकलत तोंडाकडे नेतात. विषाणू या तंतूंचे काम बिघडवतो आणि सुजेमुळे आधीच अरुंद असलेले तोंड बंद होते. आत साचलेल्या द्रवात नाका-घशातले न्युमोकोकस किंवा हिमोफिलस इन्फ्लुएंझा यांसारखे जिवाणू वाढू लागतात. मात्र हे क्वचित घडते. प्रौढांच्या शंभर सर्द्यांपैकी साधारण अर्ध्या ते दोन सर्द्यांनाच असे जिवाणूंचे वळण लागते. लहान मुलांत हे प्रमाण अधिक आहे.

हे वळण ओळखण्याचे साधन म्हणजे दिनदर्शिका. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली दिलेले निकष आज जगभर वापरले जातात. ते तीन आहेत आणि तिन्ही काळाशी बांधलेले आहेत. पहिला : दहा दिवस झाले तरी त्रासात काहीच सुधारणा नाही. दुसरा : दुखणे सुरू होतानाच १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सोबत पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्यात वेदना, आणि हे सलग तीन-चार दिवस. तिसरा : पाच-सहा दिवसांत सर्दी उतरू लागली आणि मग अचानक पुन्हा ताप, डोकेदुखी किंवा स्राव वाढला. या तिसऱ्याला डॉक्टर ‘दुहेरी बिघाड’ म्हणतात.

हे निकष प्रत्यक्षात कसे लागू होतात ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, बेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. सोमवारी घसा खवखवतो, मंगळवारी नाक वाहते, शुक्रवारी शेंबूड हिरवा होतो आणि दोन्ही गाल जड वाटतात. शनिवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, त्या दवाखान्यात जातात.

“डॉक्टर, हिरवा येतोय. सायनसचं इन्फेक्शन झालंय बहुतेक.”

“मॅडम, सुरुवात कधी झाली? आणि परवापेक्षा आज कसं वाटतंय?”

या दोन प्रश्नांतच निदान आहे. ताप नाही, सहावा दिवस आहे आणि त्रास परवापेक्षा वाढलेला नाही. एकही निकष लागू होत नाही. डॉक्टर पॅरासिटामॉल देतात आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. जलनेती करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीव घेऊ शकतो. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला.

इथून पुढे बाईंची गोष्ट दोन वाटांनी जाऊ शकते. पहिल्या वाटेने आठव्या दिवशी डोके हलके होते, दहाव्या दिवशी थोडा खोकला आणि जरासे नाक चोंदलेले उरते. दहावा दिवस उलटला, तरी निकष लागू होत नाही, कारण सुधारणा सुरू आहे. नुसते ‘अजून पूर्ण बरे नाही’ एवढे पुरेसे नसते.

दुसऱ्या वाटेने सातव्या दिवशी बाईंना बरे वाटते, आठव्या दिवशी सकाळी त्या शाळेतही जातात. पण आठव्या दिवशी संध्याकाळी १०१ ताप चढतो, उजवा गाल ठणकतो, वाकल्यावर जास्त दुखतो आणि त्याच बाजूच्या वरच्या दाढा दुखू लागतात. दाढांची मुळे गालातल्या सायनसच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात, म्हणून ही कळ दातांत उतरते. (एकाच बाजूने घाण वास येत असेल तर कारण उलटेही असू शकते. किडलेल्या दाढेतून संसर्ग वर चढलेला असतो आणि दंतवैद्य गाठावा लागतो.) हा दुहेरी बिघाड आहे. इथे अँटिबायोटिकला जागा आहे. प्रौढांसाठी पहिली पसंती साधारणपणे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला, पाच ते सात दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टर दुसरे औषध निवडतात. आपल्याकडे सर्दीवर सर्रास घेतली जाणारी अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पाकिटे मात्र या निकषांत बसत नाहीत, कारण न्युमोकोकसमध्ये त्या औषधाला प्रतिकार फार वाढला आहे.

निकष पूर्ण झाले म्हणजे औषधाने जादू होते असेही नाही. अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये १६६ प्रौढ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दहा दिवस अमॉक्सिसिलिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत फरक नव्हता, सातव्या दिवशी औषधाच्या गटाला थोडे अधिक बरे वाटत होते आणि दहाव्या दिवशी पुन्हा दोन्ही गट सारखे. उलट बाजूला जुलाब, पुरळ आणि प्रतिकारक्षम जिवाणूंची पैदास हा खर्च आहेच. म्हणून प्रकृती चांगली असलेल्या प्रौढाला, निकष पूर्ण झाल्यावरही, डॉक्टर कधी कधी आणखी काही दिवस थांबायला सांगतात. अट एकच : त्रास वाढला तर लगेच परत यायचे.

ही अट औपचारिक नाही. दहा दिवसांचा नियम अँटिबायोटिकसाठी आहे, धोक्याच्या खुणांसाठी नाही. त्या दुसऱ्या दिवशी दिसल्या तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. डोळ्यांच्या मधले सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधल्या हाडाचे शास्त्रीय नाव ‘लॅमिना पॅपिरेशिया’, म्हणजे कागदासारखा पापुद्रा. हा पापुद्रा ओलांडून किंवा तिथल्या झडपा नसलेल्या शिरांमधून संसर्ग खोबणीत पोचतो, आणि हे मुलांमध्ये जास्त घडते. सर्दी झालेल्या मुलाची एक पापणी सुजून लाल झाली, तर त्याला ‘काहीतरी चावले असेल’ म्हणून झोपवू नये. पापणी हळूच उघडून पाहावे. बुबुळ सगळीकडे सहज फिरते, नजर नीट आहे आणि डोळा पुढे आलेला नाही, तर सूज बहुधा बाहेरच्या बाजूलाच आहे, पण तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. डोळा हलवताना दुखत असेल, एकाची दोन चित्रे दिसत असतील, डोळा पुढे आला असेल किंवा लाल रंग फिका दिसत असेल, तर खोबणीच्या आत पू साठत असण्याची शक्यता आहे. मग तासांचा हिशेब सुरू होतो, कारण डोळ्याची नस दाबली जात असते.

कपाळातले सायनस लहानपणी जवळजवळ नसतात आणि किशोरवयात मोठे होतात. म्हणून तिथून होणारी गुंतागुंत विशेषतः या वयात दिसते. कपाळावर कणकेसारखी मऊ, दुखरी सूज आली की तिला ‘पॉटचा पफी ट्यूमर’ म्हणतात. अठराव्या शतकातले लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी तिचे वर्णन केले. नावात ट्यूमर असला तरी ती गाठ कर्करोगाची नाही, कुजलेल्या हाडावरचा पू आहे, आणि तोच पू आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे, गुंगी किंवा झटके या त्या प्रवासाच्या खुणा.

महाराष्ट्राने २०२१ साली यातला एक वेगळा प्रकार पाहिला. कोविडनंतर, विशेषतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने, म्युकरमायकोसिस ही बुरशी सायनसमधून डोळ्यांपर्यंत पोचली. साथ ओसरली, पण मधुमेह उरला आहे. साखर वाढलेल्या माणसाचा एक गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली किंवा टाळूवर काळा डाग आला, तर कोणतेही नेहमीचे अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. तिथे वाट पाहणे म्हणजे डोळा आणि कदाचित जीव गमावणे.

पुढची सर्दी आली की पहिल्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. रुमालाकडे पाहण्यापेक्षा रोज सकाळी त्या तारखेकडे पाहावे, आणि घरात मूल आजारी असेल तर त्याच्या डोळ्यांकडे.