पावसानं सामने पुढं गेले? पोस्ट अशी लिहा, म्हणजे चमूंचा फेरा अन् पैसे दोन्ही वाचतील

बार्शीटाकळी : हिवाळ्यात गावोगावी कबड्डीचे सामने लागतात आणि नेमका त्याच दिवसांत एखादा अवकाळी पाऊस येतो. शेतात तूर, हरभरा असतो, त्याची काळजी पहिली. दुसरी काळजी मंडळाच्या पोरांना, कारण मैदान आखून झालेलं असतं, मंडप उभा असतो आणि वीस-पंचवीस चमूंची प्रवेश फी जमा झालेली असते. अशा वेळी घाईघाईत एक पोस्ट ग्रुपवर पडते. ती साधारण अशी असते :

«महत्त्वाची सूचना. सर्व क्रीडाप्रेमींना कळविण्यात येते की, निसर्गाच्या अवकृपेमुळे उद्या होणारे भव्य खुले कबड्डी सामने तूर्तास स्थगित करण्यात येत आहेत. पुढील तारीख लवकरच कळविण्यात येईल. झालेल्या गैरसोयीबद्दल आयोजक दिलगीर आहेत. सर्वांनी सहकार्य करावे.»

भाषा चांगली आहे, नम्र आहे. पण ही पोस्ट पडल्यावर दहा मिनिटांत मंडळाच्या अध्यक्षाचा फोन वाजायला लागतो. «भाऊ, सामने कॅन्सल झाले काय?» «आमचे पाचशे रुपये वापस भेटतील का?» «आम्ही गाडी सांगून ठेवली, आता काय करू?» लोकांना वाचता येत नाही असं नाही. त्यांना जे पाहिजे ते पोस्टमध्ये नाही, एवढंच.

आता एकेक शब्द पाहू. «उद्या» हा शब्द पहिला काढा. पोस्ट शुक्रवारी संध्याकाळी टाकली, कुणी ती शनिवारी सकाळी दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केली, तर तिथल्या माणसाचा «उद्या» रविवार होतो. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, तुम्ही मूळ पोस्ट कधी लिहिली ते दिसत नाही. म्हणून वार, तारीख आणि साल तिन्ही लिहायचे. साल कशाला, असं वाटेल. पण मागच्या वर्षीची पोस्ट या वर्षी फिरते आणि चमू भलत्याच दिवशी मैदानावर उभी राहते, हे काही नवीन नाही. पोस्ट कधी लिहिली ती तारीख-वेळही शेवटी टाका.

दुसरा शब्द «स्थगित». वर्तमानपत्रात तो चालतो, गावात निम्मे लोक त्याचा अर्थ «रद्द» असाच घेतात. सामने होणारच असतील तर «रद्द नाहीत, पुढे ढकलले आहेत» असं सरळ लिहा. रद्द असतील तर «रद्द» लिहा, तिथं आडपडदा नको. या दोन शब्दांवर पैशांचा सगळा हिशेब अवलंबून असतो. रद्द म्हटलं की पैसे परत आले पाहिजेत, पुढे ढकलले म्हटलं की आधीची फी नव्या तारखेला चालते का, हा प्रश्न उभा राहतो.

हे मोठ्या सामन्यांतही असंच चालतं. २०२३ च्या आयपीएलची फायनल आठवा. रविवारी, २८ मे रोजी अहमदाबादला पावसानं टॉससुद्धा होऊ दिला नाही. स्टेडियम भरलेलं होतं. रात्री उशिरा जाहीर झालं की सामना राखीव दिवशी, म्हणजे २९ मे रोजी संध्याकाळी साडेसात वाजता त्याच मैदानावर होईल, आजचं कागदी तिकीट उद्या चालेल, आणि ते न फाडता जपून ठेवा. नवी तारीख, वेळ, जागा, जुन्या तिकिटाचं काय आणि माणसानं आता काय करायचं, एवढं सगळं दोन-तीन ओळींत आलं. दिलगिरीपेक्षा त्याची गरज जास्त होती, कारण चिडलेल्या माणसानं तिकीट तिथंच फाडून टाकलं असतं. (दुसऱ्या दिवशीही पाऊस आलाच, चेन्नईला पंधरा षटकांचं लक्ष्य मिळालं आणि निकाल मध्यरात्र उलटल्यावर लागला.)

त्यांना एक सोय होती. राखीव दिवस आधीच ठरलेला होता. आपल्या गावच्या मंडळाकडं तो नसतो, म्हणून आपल्याला पोस्ट दोनदा लिहावी लागते. एकाच पोस्टमध्ये सगळं बसवायला गेलं की घोळ होतो. पहिली पोस्ट लगेच, फक्त चमूंना निघण्यापासून थांबवायला. दुसरी पोस्ट नवी तारीख पक्की झाल्यावर.

समजा ५५ किलो वजन गटाचे सामने शनिवारी १७ जानेवारी २०२६ ला होते, फी चमूमागे ५०० रुपये, आणि शुक्रवारी दुपारी पाऊस झाला. पहिली पोस्ट अशी :

«शनिवार, १७ जानेवारी २०२६ चे कबड्डी सामने होणार नाहीत. मैदान ओलं आहे. चमूंनी निघू नये. सामने रद्द नाहीत, पुढे ढकलले आहेत. नवी तारीख रविवार, १८ जानेवारीला रात्री ८ वाजेपर्यंत याच ग्रुपवर सांगू. भरलेली फी जमा आहे, तिचं काय करायचं तेही त्याच पोस्टमध्ये सांगू. पोस्टची वेळ : शुक्रवार, १६ जानेवारी, संध्याकाळी ५.»

«लवकरच कळवू» या दोन शब्दांच्या जागी एक वार आणि एक वेळ आली, तेवढ्यानं फोन थांबतात. पण मग रविवारी आठ वाजता पोस्ट पडलीच पाहिजे, तारीख ठरली नसली तरी. तेव्हा «अजून ठरली नाही, मंगळवारी रात्री ८ ला सांगू» असं लिहा. गप्प बसलात की लोक समजतात पैसे बुडाले.

तारीख पक्की करायला वेळ का लागतो, तेही जाणून घ्या. आपली काळी माती एकदा भिजली की वरून वाळल्यासारखी दिसते, पण टाचेनं दाबलं की खालून चिखल निघतो. अशा मैदानात चढाई करणाऱ्याचा पाय घसरतो आणि गुडघा जातो. म्हणून «परवा घेऊ» असं उत्साहात जाहीर करू नका. दुसरं म्हणजे परवानगी. पोलीस ठाण्यातून लाऊडस्पीकरची आणि कार्यक्रमाची परवानगी घेतलेली असते ती त्या तारखेची. तारीख बदलली की पुन्हा अर्ज. पंचांना दुसरीकडं सामने आहेत का, हेही विचारावं लागतं. हे तिन्ही हातात आल्याशिवाय दुसरी पोस्ट टाकू नये. तारीख दोनदा बदलली की तिसऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

आता दुसरी पोस्ट. इथं मंडळानं आधी आपसात बसून पैशाचा निर्णय घ्यायचा आणि मगच लिहायचं. निर्णय न घेता लिहिलेली पोस्ट कितीही चांगली लिहिली तरी गोलच राहते. आमचं मत विचाराल तर, ज्या चमूला नवी तारीख जमत नाही तिची पूर्ण फी परत करावी. पाऊस आला त्यात तिचा दोष नाही. खर्चापोटी काही कापायचं असेल तर ते पहिल्याच पत्रकात छापलेलं पाहिजे होतं, पावसानंतर सांगणं बरं दिसत नाही.

«कबड्डी सामने, ५५ किलो गट. नवी तारीख : शनिवार, २४ जानेवारी २०२६. जागा तीच. वजन सकाळी ८ ते ९.३०, पहिला सामना १० वाजता. आधी वजन झालं असलं तरी सर्वांचं पुन्हा होईल.

येणाऱ्या चमूंनी काही करायचं नाही. आधीची फी चालेल, नवीन पैसे भरू नका. पावती सोबत आणा.

येऊ न शकणाऱ्या चमूंनी बुधवार, २१ जानेवारी, संध्याकाळी ६ पर्यंत खालच्या नंबरवर चमूचं नाव आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवावा. पूर्ण ५०० रुपये शुक्रवार, २३ जानेवारीपर्यंत परत मिळतील. ज्या मोबाइल नंबरवरून पैसे आले त्याच नंबरवर जातील. रोख भरलेल्यांनी पावती दाखवून मैदानावर रोख घ्यावे. २१ तारखेपर्यंत निरोप न आल्यास चमू येणार असं धरू.

प्रेक्षकांना प्रवेश मोफत.

पुन्हा पाऊस आला तर शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी ५ ला निर्णय सांगू. तेव्हाही घेता आले नाहीत तर सामने रद्द होतील आणि सर्व चमूंना पूर्ण फी मंगळवार, २७ जानेवारीपर्यंत परत मिळेल.

पोस्टची वेळ : रविवार, १८ जानेवारी, रात्री ८.»

यात वजनाची ओळ लहान दिसते, पण ती नसेल तर सकाळी टेबलाजवळ भांडण ठरलेलं. आठवडाभरात पोरांचं वजन एक-दीड किलो इकडंतिकडं होतं. ५४.८ किलोवर पास झालेला पोरगा आता ५५.४ भरला, तर त्याला खेळू द्यायचं की नाही, हे आधी लिहिलेलं असलं की पंचांचं काम सोपं होतं.

«त्याच नंबरवर» या शब्दांमागंही कारण आहे. चमूची फी बरेचदा एखाद्या खेळाडूच्या किंवा त्याच्या मामाच्या फोनवरून आलेली असते. परत देताना कर्णधार सांगतो, माझ्या नंबरवर टाका. टाकले, आणि दुसऱ्यानं मागितले, तर मंडळ मधल्या मध्ये अडकतं. जिथून आले तिथंच पाठवले की प्रश्न मिटला, आपसात काय वाटायचं ते चमूनं पाहावं.

आणि जिथं पैसे परत मिळण्याची गोष्ट निघते तिथं भामटेही येतात. ग्रुपवरून नंबर उचलून «मंडळाकडून बोलतो, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा» असा फोन येऊ शकतो. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. मंडळानं पोस्टखाली एकच नंबर द्यावा आणि «आम्ही कुणाला पिन किंवा ओटीपी विचारणार नाही» ही ओळ जोडावी. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

शेवटचं जुन्या बॅनरबद्दल. पहिल्या तारखेचा रंगीत बॅनर आधीच शंभर ग्रुपवर गेलेला असतो. व्हॉट्सॲपवर आपला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, आणि फॉरवर्ड झालेल्या प्रती त्यानं बदलत नाहीत. म्हणून नवा बॅनर वेगळ्या रंगात करा, वर मोठ्या अक्षरात «बदललेली तारीख» लिहा आणि त्याखाली जुनी तारीख खोडलेली दाखवा, म्हणजे दोन्ही बॅनर हातात आले तरी खरा कोणता ते कळतं. बॅनरसोबत वरचा मजकूर साध्या मेसेजमध्येही टाका. फोटोतली अक्षरं बारीक स्क्रीनवर दिसत नाहीत आणि नंबर कॉपी करता येत नाही. फळ्यावर लिहायची सवय ज्या गावात अजून आहे, तिथं एसटी थांब्याजवळच्या फळ्यावरही तारीख खोडून नवी लिहा. पाहायला येणारी म्हातारी मंडळी तीच वाचतात.