गुरुवारी फिटलेलं बिल

१ जुलै २०२१ हा दिवस गुरुवारी आला होता. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्या पुरवठादारांची पेमेंट आठवड्यातून एका ठरलेल्या वारी सोडतात. आपण असं धरू की आपल्या गोष्टीतल्या कंपनीचा वार गुरुवार आहे. नेमक्या त्याच दिवसापासून सिंडिकेट बँकेचे जुने आयएफएससी कोड चालेनासे झाले. बँक १ एप्रिल २०२० रोजीच कॅनरा बँकेत विलीन झाली होती. तरी SYNB ने सुरू होणारे कोड पुढे सव्वा वर्ष चालू ठेवले होते, आणि ३० जूनला त्यांची मुदत संपली.

कंपनी महाळुंग्यातली, गाड्यांचे सुटे भाग जुळवणारी. पुरवठादार भोसरी एमआयडीसीतला, चार पॉवर प्रेस चालवणारा. दोघेही कल्पित आहेत, तारखा आणि नियम मात्र खरे. या पुरवठादाराचं खातं जुन्या सिंडिकेट बँकेत. त्याला मिळायच्या १,८६,४४० रुपयांचं त्या दिवशी काय झालं, एवढंच पाहायचं आहे.

सकाळी अकाउंट्समधला माणूस सॅपमध्ये F110 हा व्यवहार उघडतो. तो बिलं निवडत नाही. तो फक्त कंपनी कोणती, पेमेंट कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या पुरवठादारांना, एवढं सांगतो. शिवाय आणखी एक तारीख भरतो: पुढचा रन कधी? ८ जुलै. मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच तारीख वाटते. कारण संगणक प्रत्येक बिलाला ‘तू आज देय आहेस का?’ असं विचारतच नाही. तो विचारतो, ‘तुला पुढच्या रनपर्यंत थांबवलं तर तुझी मुदत टळेल का?’ ५ जुलैला देय असलेलं बिल ८ तारखेपर्यंत थांबवलं तर उशीर होईल, म्हणून ते चार दिवस आधीच आज घेतलं जातं. ९ जुलैचं बिल थांबू शकतं, म्हणून थांबतं. हजारो बिलांना हा एकच प्रश्न विचारून काही मिनिटांत यादी तयार होते. तिला प्रपोजल म्हणतात.

आपल्या पुरवठादाराची तीन बिलं त्या यादीत आली. ८४,९६० रुपयांचं पहिलं बिल खरं तर २८ जूनला देय. ते २४ तारखेच्या रनमध्येच जायला हवं होतं, पण माल गेटवर उतरूनही स्टोअरने जीआरची नोंद अपुरी केली होती. बिलातली संख्या जास्त, नोंदीतली कमी, म्हणून बिलावर ब्लॉक बसला. नोंद पूर्ण झाल्यावर ब्लॉक सुटला. दुसरं बिल ७०,८०० चं, २ जुलैला देय. तिसरं ४७,२०० चं, ५ जुलैला देय. बेरीज २,०२,९६०. त्यातून नापास झालेल्या मालाची १६,५२० रुपयांची डेबिट नोट वजा झाली आणि १,८६,४४० उरले. डेबिट नोट नसती तर रक्कम दोन लाखांच्या वर राहिली असती आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे आरटीजीएसने गेली असती. आरटीजीएसची किमान रक्कमच दोन लाख आहे. सोळा हजारांच्या नापास मालाने पैशांचा रस्ताच बदलला आणि पेमेंट एनईएफटीच्या रांगेत आलं.

दुपारी प्रपोजल मंजूर झालं आणि खरा रन सुटला. इथे जे घडतं त्याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. रन संपला त्या क्षणी पुरवठादाराच्या खात्यात तिन्ही बिलं ‘फिटली’. दहा आकडी पेमेंट दस्तऐवज तयार झाला. ‘आम्ही आपणास १,८६,४४० रुपये अदा केले आहेत’ असा मेल भोसरीला आपोआप गेला. आणि बँकेला यातलं अजून काहीही कळलेलं नव्हतं.

मग हिशोबात ते पैसे गेले कुठे? बँकेच्या मुख्य खात्यातून ते वजा झालेले नाहीत. त्या खात्याशेजारी एक मधलं खातं असतं, बँक क्लिअरिंग नावाचं, आणि रक्कम तिथे जमेला उभी राहते. बँकेचं स्टेटमेंट येऊन ‘हो, एवढे पैसे गेले’ असं म्हणेपर्यंत ती तिथेच राहते. एसटी स्टँडवरच्या बाकड्यासारखं हे खातं. तिथे कोणी मुक्कामाला राहायचं नसतं, आणि कोणी दोन दिवस बसलेलं दिसलं तर चौकशी करायची असते.

रनमधल्या प्रत्येक पेमेंटची एक ओळ REGUH या तक्त्यात पडते, आणि तिच्याखालची बिलं REGUP मध्ये. त्यांतूनच बँकेसाठीची फाइल बनते. आपल्याकडे जवळपास प्रत्येक बँकेचा साचा वेगळा. पण गाभा असा असतो:

```
NEFT,SYNB0001234,XXXXXXXXXX4571,186440.00
```

पद्धत, शाखेचा कोड, खाते क्रमांक, रक्कम. कोड इथे नमुन्यादाखल घेतला आहे. फाइलला शेवटी एकूण ओळी आणि एकूण रक्कम जोडतात. फाइल कूटबद्ध होऊन कंपनीच्या सर्व्हरवरून थेट बँकेच्या सर्व्हरवर जाते, मध्ये माणसाचा हात लागत नाही. हात का लागू द्यायचा नाही, याचं एक मासलेवाईक कारण आहे. अशी फाइल कोणी ‘जरा बघतो’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर एक्सेल खाते क्रमांकाला संख्या समजतं. सुरुवातीची शून्यं गळून पडतात. शिवाय एक्सेल पंधराच अंक खरे ठेवतं, त्यामुळे सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो. पंजाब नॅशनल बँकेचे क्रमांक सोळा आकडी असतात. 

आपल्या फाइलला कोणी हात लावला नव्हता. बँकेने बेरीज ताडली, ती जुळली. मग एकेक ओळ तपासली. आयएफएससीचे अकरा अवयव: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. SYNB नावाची बँक त्या सकाळपासून यादीतच नव्हती. संध्याकाळी परतीची फाइल आली. बाकीच्या ओळींसमोर यूटीआर क्रमांक होते, आपल्या ओळीसमोर फक्त कारण: आयएफएससी अवैध.

म्हणजे पैसे परत आले असं नाही, ते निघालेच नव्हते. पेमेंट दोन प्रकारे फसतं, आणि हा फरक कळला की पुढचं सोपं जातं. पहिला प्रकार हा असा, कंपनीच्या बँकेच्या दारातच अडलेला. दुसऱ्यात कोड बरोबर असतो, पण समोरचं खातं बंद झालेलं किंवा गोठवलेलं असतं. तेव्हा रक्कम खरोखर निघते. एनईएफटीच्या अर्ध्या तासाच्या बॅचमधून, दिवसाला अशा ४८ बॅच असतात, ती समोरच्या बँकेत पोचते. तिथे जमा करता आली नाही, तर बॅचचा हिशोब मिटल्यापासून दोन तासांत ती परत पाठवायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्टेटमेंटमध्ये मग दोन ओळी दिसतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. पहिल्या प्रकारात एकही दिसत नाही, आणि क्लिअरिंग खात्यात १,८६,४४० बाकड्यावर बसून राहतात. स्टेटमेंट आणि ते खातं शेजारी ठेवलं, की काय झालं ते कोणाला न विचारताही सांगता येतं.

शुक्रवारी भोसरीहून फोन आला. ‘साहेब, पेमेंट सुटल्याचा मेल आलाय, पण खात्यात काही नाही.’

आता दुरुस्ती. आधी FBRA हा व्यवहार वापरून बिलं आणि पेमेंटची जोडी सोडवायची आणि पेमेंटची नोंद उलटवायची. क्लिअरिंग खातं शून्यावर येतं, तिन्ही बिलं आणि डेबिट नोट पुन्हा उघडी होतात. मूळ तारखा तशाच राहतात, म्हणून पुढचा रन त्यांना आपणहून उचलतो. मग पुरवठादाराच्या मास्टरमध्ये कोड बदलायचा. कॅनराने गणित सोपं ठेवलं होतं: जुन्या कोडच्या आकड्यात दहा हजार मिळवायचे. SYNB0001234 चा CNRB0011234 झाला. मात्र बँकेचा तपशील एकाने बदलला की दुसऱ्याने मंजूर करेपर्यंत त्या पुरवठादाराचं पेमेंट सॅप अडवून ठेवू शकतं. हा ताप वाटतो, पण ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ अशा खोट्या मेलवर चालणारी लूट इथेच थांबते. रद्द केलेला धनादेश मागवायचा, आणि मेलमधल्या नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं.

धोका दुसरीकडेच आहे. पुरवठादाराला पगार करायचे असतात. पहिलं बिल ज्या मालाचं, तो कंपनीने १८ मे रोजी स्वीकारला असेल, तर लघुउद्योगांसाठीची कमाल ४५ दिवसांची मुदत २ जुलैला, म्हणजे त्याच शुक्रवारी संपत होती. त्यानंतर २००६च्या कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. म्हणून कोणीतरी घाईने नेटबँकिंगमधून १,८६,४४० पाठवून देतं. ठीक. पण ती नोंद लगेच सॅपमध्ये झाली नाही, तर ८ जुलैचा रन उघडी बिलं बघतो आणि इमानेइतबारे पुन्हा पैसे पाठवतो. दुबार पेमेंट होण्याची माझ्या मते ही सर्वांत सरळ वाट. यंत्राचं काहीही चुकलेलं नसतं. म्हणून हाताने पैसे पाठवायचे असतील तर आधी बिलांवर ब्लॉक लावावा.

आणि तरीही नाकारलेलं पेमेंट ही चांगली बातमी समजावी. वाईट बातमी म्हणजे न नाकारलेलं चुकीचं पेमेंट. वर्षानुवर्षं एनईएफटीत रक्कम जमा करताना फक्त खाते क्रमांक पाहिला जात आला आहे. नाव जुळलंच पाहिजे अशी अट नव्हती. दोन अंकांची अदलाबदल झाली आणि तो क्रमांक खरोखर कोणाचा तरी असला, तर पैसे शांतपणे तिथे जमा होतात, यूटीआर मिळतो, क्लिअरिंग खातं शून्य होतं. सगळं हिरवंगार दिसतं. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना ३० डिसेंबर २०२४ रोजी सांगितलं. तीही नेटबँकिंग, मोबाइल आणि शाखेतून पाठवणाऱ्यांसाठी. नव्या पुरवठादाराला आधी एक रुपया पाठवून बघण्याची जुनी युक्ती म्हणूनच अजून टिकून आहे.

कोड मरण्याचा प्रसंग एकदाच येत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी पिंपरीच्याच सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. सहकारी बँकांत खाती असलेले लघुउद्योजक या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि अशा वेळी दहा हजार मिळवण्याचं गणित नसतं. खातंच नवं उघडावं लागतं.

तुम्ही पुरवठादार असाल तर एवढं करा. ‘पेमेंट झालंय’ असं कळलं की यूटीआर मागा. एनईएफटीचा सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. तुम्हाला दहा आकडी क्रमांक मिळाला, तर तो कंपनीच्या सॅपमधला दस्तऐवज आहे. पैसे बँकेतून निघाल्याचा तो पुरावा नाही.