मुंज: आईच्या ताटापासून पहिल्या भिक्षेपर्यंत

मुंज म्हणजे शाळाप्रवेश. पूर्वी मुलाला गुरूच्या घरी सोपवायचं, तर आधी त्याला आईपासून सोडवून घ्यावं लागे. मुंजीचे बहुतेक विधी या सोडवणुकीचे आहेत, हे एकदा लक्षात आलं की सकाळभर चालणारा कार्यक्रम नीट समजतो. गृह्यसूत्रांनी ब्राह्मणाला आठवं, क्षत्रियाला अकरावं आणि वैश्याला बारावं वर्ष सांगितलं आहे. आठवं वर्ष गर्भापासून मोजलं तरी चालतं, म्हणून सात पूर्ण झालेल्या मुलांच्याही मुंजी होतात.

पुण्याहवाचन, देवक आणि नांदीश्राद्ध आटोपलं की येतं मातृभोजन. आधी मुंज झालेले आठ बटू पंगतीला बसवतात, त्याला अष्टवर्ग म्हणतात. त्यांच्यासोबत मुलगा आईच्या ताटात जेवतो. यानंतर आईच्या ताटात जेवायचं नाही, असा संकेत आहे. लहानपणापासून भरवलेल्या मुलाला शेवटचा घास देताना बऱ्याच आयांचे डोळे भरून येतात. या जेवणाला घाई करू नये. आई पाहुण्यांच्या स्वागतात अडकली, की नेमका हाच विधी दोन मिनिटांत उरकला जातो.

मग क्षौर होतं. शेंडी ठेवून डोकं करायची पद्धत, पण आता पुष्कळ घरांत केस फक्त बारीक कापतात. आंघोळ घालून मुलाला लंगोटी नेसवतात. वडील आणि मुलगा यांच्यामध्ये अंतरपाट धरून मंगलाष्टकं म्हणतात आणि पाट दूर झाला की मुलगा वडिलांच्या मांडीवर बसतो. आता तो आईचा लाडका राहिला नाही, वडिलांचा शिष्य झाला. जानवं, कमरेला मुंज गवताची मेखला आणि हातात पळसाचा दंड मिळतो. त्या गवतावरूनच विधीला मुंज हे नाव पडलं.

विधीचा गाभा म्हणजे गायत्री मंत्राचा उपदेश. हा मंत्र ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला, विश्वामित्र ऋषींचा. त्याचे आठ-आठ अक्षरांचे तीन चरण. वडील आणि मुलगा शेल्याखाली बसतात. वडील आधी एकेक चरण सांगतात, मग अर्धा मंत्र, मग सगळा. आठ वर्षांच्या मुलाला पाठ व्हावं, याची ही शिकवण्याची रीत आहे. त्या वेळी सनई थांबवली नाही तर मुलाला काहीच ऐकू येत नाही.

यानंतर भिक्षा. 'भवति' म्हणजे 'बाई' असं आदराचं संबोधन. ब्राह्मणाने ते वाक्याच्या सुरुवातीला, क्षत्रियाने मध्ये आणि वैश्याने शेवटी म्हणावं, असं मनुस्मृती सांगते. पहिली भिक्षा आई, बहीण किंवा मावशीकडे, म्हणजे नाही म्हणणार नाही तिच्याकडे मागायची. मागायला शिकवताना मुलाचा हिरमोड होऊ नये, एवढी काळजी त्यात आहे. चौथ्या दिवशी करायचं मेधाजनन आता बहुधा त्याच दिवशी उरकतात.

घराघरांतला फरक वेदाच्या शाखेवरून पडतो. ऋग्वेदी आणि यजुर्वेदी घरांचे मंत्र आणि होमाचा क्रम वेगळा असतो. गुरुजी गोत्र, प्रवर, शाखा आणि सूत्र विचारतात ते यासाठीच. शाखा आठवत नसेल तर एक खूण आहे: घरी श्रावणी कधी होते ते आजोबांना विचारा. श्रवण नक्षत्रावर होत असेल तर घर ऋग्वेदी, पौर्णिमेला होत असेल तर यजुर्वेदी असण्याचा संभव मोठा. गुरुजी ठरवतानाच हे सांगावं, ऐनवेळी नाही.

मुंज फक्त ब्राह्मणांतच होते असंही नाही. सीकेपी आणि दैवज्ञ समाजातही होते. शिवाजी महाराजांची मुंज 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या आधी रायगडावर झाली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तमिळ घरांत मातृभोजनाच्या जागी कुमारभोजन असतं, तर बंगालात बटूला काही दिवस एका खोलीत वेगळं ठेवायची रीत आहे. पारशी समाजाच्या नवजोतमध्ये कमरेला कुस्ती बांधतात. धर्म वेगळा, पण तिथेही वय असंच सात-आठच्या आसपास. आणि मुलींसाठी? हारीत धर्मसूत्रात ब्रह्मवादिनी स्त्रियांच्या उपनयनाचा उल्लेख आहे. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी मुलामुलींचा विद्याव्रत संस्कार करते. आपल्याला मुलीची मुंज करावीशी वाटली तर संकोच करू नये.

मुहूर्ताच्या आधी एक-दोन महिने मुलाला संध्या शिकवायला घ्या, म्हणजे त्या दिवशी उच्चारताना तो अडखळणार नाही. आणि गायत्रीच्या उपदेशाची पंधरा मिनिटं फोटोग्राफरला, वाजंत्र्यांना आणि पाहुण्यांना लांब ठेवा.