गॅस नसलेल्या घरातली खिचडी आणि काप

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एका खोलीत राहणाऱ्यांकडे गॅस नसतो, पण मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर असतो. तेवढ्यावर रात्रीचं जेवण म्हणजे मॅगी, असं का व्हावं? मऊ खिचडी आणि वांग्याचे काप व्यवस्थित होतात.

दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. तूरडाळ नको, कुकरच्या दाबाशिवाय ती लवकर गळत नाही. काचेच्या मोठ्या भांड्यात दोन चमचे तेल, मोहरी आणि जिरं घाला. वर ताटली ठेवून दोन-तीन मिनिटं पूर्ण पॉवरवर चालवा. मोहरी तडतडल्याचा आवाज बाहेर ऐकू येतो. तेल मायक्रोवेव्हमध्ये पाण्याइतकं झटपट तापत नाही, म्हणून धीर धरावा. हिंग-हळद भांडं बाहेर काढल्यावरच घाला, आत करपतात.

आता डाळ-तांदूळ, मीठ आणि साडेतीन वाट्या गरम पाणी. पाणी गरमच हवं, तापलेल्या काचेला गार पाण्याने तडा जाऊ शकतो. झाकण न ठेवता बारा मिनिटं पूर्ण पॉवर, मग झाकून आठ मिनिटं निम्मी पॉवर. घाई करून सगळा वेळ पूर्ण पॉवर दिली, की स्टार्चचा फेस उतू जातो आणि फिरती प्लेट पुसत बसावं लागतं. म्हणूनच भांडं जिन्नसाच्या तिप्पट घ्यायचं. डाळीचा दाणा चिमटीत दाबून बघा. आत कणी लागली तर अर्धी वाटी गरम पाणी आणि आणखी चार मिनिटं. नंतर झाकून दहा मिनिटं मुरू द्या.

खिचडी मुरते तेवढ्यात काप. भरताच्या वांग्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या आधीच मीठ लावून ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. हळद-तिखट चोळून तांदळाचं पीठ आणि बारीक रवा दाबून बसवा. वरून तेलाचं बोट फिरवायला विसरू नका, नाहीतर पीठ कोरडं, पांढरंच राहतं. एअर फ्रायर १८० अंशांवर, साधारण बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चकत्या एकावर एक रचल्या तर कुरकुरीत होण्याऐवजी वाफेवर शिजतात. कांदाभजीच्या मोहात मात्र पडू नये, पातळ पीठ जाळीतून गळून खाली जातं.

दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. एअर फ्रायर एकटाच बहुधा १४००-१५०० वॅट घेतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची मजल १३८० वॅटच्या आसपास संपते. मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट एकच असेल तर आधी खिचडी, मग काप, हा क्रम आपोआपच सोयीचा पडतो.

भाकरी हवीच असेल, तर ती पोळीभाजी केंद्रातून आणावी. एअर फ्रायरमध्ये तिचा कडक पापड होतो.