१ जुलै ते ३१ जुलै

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी चाकणच्या कारखान्यात जानेवारीपासून इंटर्न आहे, असं धरू. मुदत ३० जूनला संपते आणि प्रोजेक्ट अपुरा आहे. त्याला महिनाभर मुदतवाढ हवी आहे. अशा वेळी पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘मला इथे खूप शिकायला मिळाले, वेळ अपुरा पडला, तरी एक महिना वाढवून मिळावा, ही विनंती.’ यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण पत्र वाचणाऱ्या एचआरच्या माणसाला त्यातून काहीच ठरवता येत नाही. काय राहिलंय, ते का राहिलं आणि महिन्याभरात ते नक्की संपेल का, यातलं एकही त्यात नाही.

आता याच विद्यार्थ्याचं काम जवळून पाहू. सीएनसी मशीनवर बुशचं आतलं भोक, म्हणजे बोअर, कापलं जातं. कापणारा इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो आणि शेवटचे नग रिजेक्ट होतात. लाइनवर इन्सर्ट ४०० नगांनंतर बदलायची पद्धत होती. याने चार महिने मापं घेतली आणि ३०० नगांच्या पुढे माप मर्यादेबाहेर जायला लागतं, हे दाखवलं. ८ जूनपासून २८० नगांवर इन्सर्ट बदलणं सुरू झालं आणि रिजेक्शन उतरलं.

मग राहिलं काय? दोन गोष्टी. या बुशचा कच्चा माल दोन पुरवठादारांकडून येतो. दुसऱ्याचा लॉट जुलैच्या पहिल्या आठवड्यात लाइनवर चढणार आहे. त्या मालाचा कडकपणा थोडा वेगळा असल्यामुळे इन्सर्टही वेगळ्या वेगाने झिजेल, तेव्हा २८० हा आकडा तिथे टिकतो का, हे तपासायला हवं. शिवाय इन्सर्ट लवकर बदलल्याने त्यांचा खर्च वाढला आहे. वाचलेल्या नगांची किंमत त्याहून जास्त भरते का, हा हिशेब दोन्ही माल चालवून पाहिल्याशिवाय पुरा होत नाही. जूनमध्ये कितीही रात्री जागवल्या तरी जुलैचा लॉट आधी येणार नाही. मुदतवाढीचं खरं कारण हेच आहे आणि पत्रात तेच यायला हवं.

कंपनीत असं पत्र बहुधा इंग्रजीत, मेलने जातं. मजकूर मात्र असा हवा:

‘विषय: इंटर्नशिपला १ जुलै ते ३१ जुलै अशी मुदतवाढ मिळण्याबाबत.

महोदया, बुश लाइनवरील बोअर रिजेक्शन कमी करण्याच्या प्रोजेक्टवर मी जानेवारीपासून काम करत आहे. इन्सर्ट २८० नगांवर बदलण्याची पद्धत ८ जूनपासून सुरू आहे. दुसऱ्या पुरवठादाराच्या मालावर तिची चाचणी बाकी असून तो लॉट जुलैच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहे. पहिले दोन आठवडे तिन्ही शिफ्टमध्ये मापे घेईन, तिसऱ्या आठवड्यात खर्चाचा हिशेब मांडीन आणि ३१ जुलैपर्यंत अंतिम अहवाल व ऑपरेटरसाठी कामाची पद्धत लिहून देईन. माझ्या गाइडनी यास संमती दिली आहे. कॉलेजचे ना-हरकत पत्र सोबत जोडले आहे. २४ जुलैला तोंडी परीक्षा असल्याने एक दिवस रजा लागेल. स्टायपेंड व इतर अटी सध्याप्रमाणेच राहाव्यात, ही विनंती.’

‘एक महिना’ एवढंच लिहून भागत नाही, तारखा लागतात, कारण गेटपास, कंपनीच्या संगणकाचं लॉगिन आणि बहुतेक ठिकाणी अपघात विमाही ३० जूनलाच बांधलेला असतो. सुपरवायझरने ‘ये रे उद्यापासून’ म्हटलं, म्हणून लेखी मंजुरीशिवाय १ जुलैला मशीनपाशी उभं राहू नये. तिथे इजा झाली तर तो मुलगा कागदोपत्री कारखान्यात नसतोच. प्रमाणपत्रावरही जुनीच तारीख पडते आणि अहवालातली जुलैची मापं कुठून आली, असं परीक्षक विचारू शकतात. स्टायपेंडचं वाक्य लिहिताना मुलं फार संकोचतात. ते गाळलं तर महिना बिनपगारी धरला जाण्याची शक्यता असते, म्हणून मी ते ठेवायलाच सांगेन.

पत्र पाठवण्याआधी गाइडशी समोरासमोर बोलून घ्यावं. एचआर पहिला फोन त्यांनाच करणार, आणि त्यांना काही ठाऊकच नसेल तर गाडी तिथेच अडते. कॉलेजच्या ना-हरकतीला सहीसाठी आठवडा सहज जातो. कंपनीतही गाइड, विभागप्रमुख, एचआर अशा तीन टेबलांवरून कागद फिरतो. म्हणून ३० जूनची मुदत असेल तर १० जूनच्या आसपास पत्र जायला हवं.

एवढं करूनही नकार येऊ शकतो. कधी नवी तुकडी १ जुलैला रुजू होणार असते, कधी विभागाचं बजेट संपलेलं असतं. त्या शक्यतेसाठी आत्तापर्यंतच्या मापांच्या फाइल्स, वापरलेला गेज आणि उरलेल्या चाचणीची पद्धत दोन पानांत लिहून जूनच्या शेवटच्या आठवड्यात लाइनच्या सुपरवायझरकडे द्यावी. जुलैचा लॉट आला की मापं तो घेऊ शकेल.